पान सतरावरची ओळ

शालनचं अक्षर सुंदर होतं, आणि पुढचं सगळं त्या अक्षरामुळेच घडलं.

बदलापूर पश्चिमेला बेलवलीत राहणारी ही मुलगी. वडील भगवान वाघचौरे अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात कामाला, आई गयाबाई चार घरची धुणीभांडी करायची. घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली लाकडी फळी आणि फळीवर शालनची पुस्तकं. वडिलांची एकच ताकीद असायची, "पुस्तकाला पाय लागला तर माझ्याशी गाठ आहे." उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या कॉलेजात ती गणित घेऊन बीएस्सी झाली, मग एमएस्सी. १९८५पासून त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. तासिका तत्त्वावर म्हणजे शिकवलेल्या तासापुरतं मानधन. सुट्टीत काही नाही, आणि जूनमध्ये परत बोलावतील की नाही याचा भरवसा नाही.

चार वर्षं अशीच गेली. १९८९च्या मार्चमध्ये तिथली गणिताची कायमची जागा अखेर भरायची ठरली. जागा एक आणि उमेदवार दोन, शालन आणि डोंबिवलीचा मधू. यात आणखी एक मेख होती. मधूची निवड झाली की शालनचे तास आपोआप त्याच्याकडे जाणार होते. मग जागा राहिली बाजूला, फळ्यासमोर उभं राहायलाही कारण उरणार नव्हतं.

"म्हंजे आता एक तर लगीन लागंल, न्हायतर वरात परत जाईल," गयाबाई म्हणाली.

"आई, तुझं आपलं काहीतरीच."

"काहीतरीच कसं? चार साल झाली, नुसती हळद लावून बसलीयस."

मुलाखतीची त्या कॉलेजातली रीत अशी की आधी फळ्यासमोर वीस मिनिटांचा तास. एखाद्या वर्गावर उमेदवाराला उभं करायचं, निवड समिती शेवटच्या बाकांवर बसणार. विषय आयत्या वेळी चिठ्ठीवर मिळणार, मध्येच कोणीही प्रश्न विचारणार. मधूचा तास सकाळी झाला. साडेअकराला शालनच्या हातात चिठ्ठी पडली. तिच्यावर लिहिलं होतं, "घात आणि फॅक्टोरियल असलेल्या धन क्रमिकांचं लिमिट, लागोपाठच्या पदांच्या रेशोवरून."

तिने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

विषय अवघड होता असं नाही. क्रमिका म्हणजे आकड्यांची रांग; ती पुढे पुढे कुठे पोचते, म्हणजे तिचं लिमिट, ते शेजारशेजारच्या पदांच्या भागाकारावरून ओळखायचं. हा धडा तिने चार वर्षांत आठ वेळा शिकवला होता. भीती होती ती पान सतराची.

झालं होतं असं. १९८०मध्ये शालन दुसऱ्या वर्षाला असताना विभागप्रमुख शंकरराव केळशीकर सरांना कावीळ झाली. सर कॅम्प चारला राहायचे. परीक्षा तोंडावर आलेली, मुलांना नोट्स हव्या होत्या, आणि सरांचं हस्तलिखित म्हणजे मुंग्यांची रांग. सरांनी शालनला बोलावलं. "तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. एवढ्या स्टेन्सिली कापून दे." मेणकागदावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं, मेण खरवडलं जातं तिथून शाई उतरते आणि सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर शंभर प्रती निघतात. शालनने सव्वीस पानं कापली. सतराव्या पानावर शेवटच्या ओळीपाशी लेखणी अडकली आणि कागद टरकला. ओळ होती, "रेशोचं लिमिट एकपेक्षा कमी असेल, तर क्रमिकेचं लिमिट शून्य." चिरेवर लाल करेक्शन फ्लुइडचा थर दिला तर डाग उमटला असता. अख्खं पान पुन्हा कापायचं तिच्या जिवावर आलं. चिरेच्या अलीकडे जेवढी जागा होती तेवढ्यात मावेल असं तिने लिहून टाकलं, "रेशो एकपेक्षा कमी असेल, तर लिमिट शून्य." तिला तेव्हा दोन्ही एकच वाटलं. एकोणीस वर्षांची होती ती.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षी, १९८३मध्ये, एका दुपारी वाचनालयात तिला दोन्हींतला फरक कळला आणि कानशिलं तापली. पण सर आता ते पान कशाला वापरत असतील, असं तिने स्वतःला समजावलं. मग ती शिकवायला लागली तर काय, त्याच नोट्स, तेच पान, तिचंच अक्षर, कॅम्प तीनच्या दुकानात दरवर्षी नव्याने निघतंय! वर केळशीकर सरांचं नाव. आपल्या तुकडीला ती अचूक शिकवायची, "लिमिट" हा शब्द फळ्यावर दोनदा अधोरेखित करायची. पण "पान सतरा चूक आहे" हे वाक्य तिने कधी उच्चारलं नाही. उच्चारलं असतं तर कोणाची चूक हेही सांगावं लागलं असतं.

आज समोरची तुकडी तिची नव्हती. ती सरांची होती, सगळ्यांच्या बाकावर त्याच पिवळ्या नोट्स.

शेवटच्या बाकांवर तिघे बसले होते. प्राचार्य हासानंद, मूळचे कॉमर्सचे, पोट सांभाळत कसेबसे बाकात बसलेले. केळशीकर सर, नेहमीच्या पांढऱ्या बुशशर्टात. आणि विद्यापीठाकडून आलेले तज्ज्ञ शरदचंद्र धारप. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवलेला. सकाळी मधूला त्यांनी घामाघूम केल्याची बातमी प्यूनने तिला आधीच पुरवली होती.

"शुरू करो, मॅडम," प्राचार्य म्हणाले. "आणि थोडं सोप्पं ठेवा, माझ्यासारख्याला पण समजू दे."

शालनने खडू उचलला. तिने आधी मोठ्या अक्षरात शीर्षक लिहून काढलं. लिहिलं की तिचं चित्त जाग्यावर यायचं.

पहिली क्रमिका तिने लिहिली, एन फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून एनपर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार, भागिले एनचा एनवा घात. "पहिली चार पदं सांगा."

"एक, एक द्वितीयांश, दोन नवमांश, तीन बत्तिसांश," पुढच्या बाकावरची मीनल म्हणाली. तिच्याकडे दुबईच्या काकांनी पाठवलेला कॅल्क्युलेटर होता आणि तो कोणाला दिसला नाही असं होऊ नये याची ती काळजी घ्यायची.

"वर फॅक्टोरियल धावतोय, खाली घात धावतोय. कोण पुढे जाणार हे नुसतं बघून सांगता येत नाही. मग काय करायचं? पुढचं पद घ्यायचं आणि त्याला आधीच्या पदाने भागायचं." तिने भागाकार मांडला. वरचा एन अधिक एक खालच्या एका एन अधिक एकशी कटला, फॅक्टोरियल फॅक्टोरियलशी कटले, आणि उरला एन भागिले एन अधिक एक, याचा एनवा घात. "बघा, एवढं मोठं जंगल होतं, रेशो घेतल्यावर एक झाड उरलं. एन वाढत गेला की हे कुठे जातं?"

"वन अपॉन ई," दोघंतिघं ओरडले.

"म्हणजे साधारण शून्य पूर्णांक सदतीस. मग क्रमिकेचं लिमिट किती?"

"शून्य पूर्णांक सदतीस!" मागून एक आवाज.

"इथेच निम्मा वर्ग आपटतो," शालन म्हणाली आणि तिला पहिल्यांदा हसू आलं. "सदतीस हे रेशोचं लिमिट, क्रमिकेचं नाही. इथे पहिलाच रेशो एक द्वितीयांश, पुढचे त्याहून लहान. म्हणजे प्रत्येक पद आधीच्याच्या फार तर निम्मं. भाकरी निम्मी, त्याची निम्मी, त्याची निम्मी. शेवटी हातात काय राहील?"

"शून्य."

"हां. आता याच क्रमिकेला तीनच्या एनव्या घाताने गुणा."

रेशो तीनपट झाला, तीन भागिले ई. ई दोन पूर्णांक बहात्तरच्या आत, म्हणजे भागाकार एकच्या वर. "पदं वाढतच जाणार, अनंताकडे. आणि तीनच्या जागी दोन घेतला असता तर?"

"दोन भागिले ई, एकपेक्षा कमी. शून्य!" मीनल म्हणाली.

"एकदम आसान कर दिया," प्राचार्य शेजारी पुटपुटले. केळशीकर सर खाली बघून हलकेच हसले. शालनला वाटलं, निभावलं. बारा मिनिटं झाली होती. आठच उरली.

तेव्हा धारप उठले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, फळ्याशी आले आणि बारीक अक्षरात त्यांनी एक क्रमिका लिहिली. वर एन फॅक्टोरियल गुणिले ईचा एनवा घात. खाली एनचा एनवा घात गुणिले एनचं वर्गमूळ.

"याचं लिमिट," ते म्हणाले. "वर्गालाच विचारा. मला तुमचा वर्ग ऐकायचाय."

शालनने क्रमिका पाहिली आणि तिला ती ओळखू आली. पान सतराची ओळ हिच्यावरच फसणार होती. मेणकागद टरकल्याचा तो आवाज तिला नऊ वर्षांनी जसाच्या तसा ऐकू आला.

"रेशो काढू या," ती म्हणाली. तिने शांतपणे मांडणी केली. कटाकटी झाली, आणि वर ई उरला, खाली एक अधिक एक भागिले एन, त्याचा एन अधिक अर्धा एवढा घात. "मीनल, पहिली चार पदं."

मीनलची बोटं चालली. "दोन पूर्णांक सातशे अठरा. सहाशे बारा. पाचशे सत्त्याहत्तर. पाचशे एकोणसाठ. सगळीकडे दोन पूर्णांक, मॅडम."

"आणि लागोपाठचे रेशो?"

"शून्य पूर्णांक नऊशे एकसष्ट, नऊशे शहाऐंशी, नऊशे त्र्याण्णव."

"सगळे एकपेक्षा कमी," धारप म्हणाले. "पुढेही सगळे एकपेक्षा कमीच आहेत, ते माझ्यावर सोडा. तर मग लिमिट?"

"शून्य!" साठ मुलं एका सुरात ओरडली.

धारपांनी भुवया उंचावल्या. "का?"

मीनलने पानं उलटली आणि ठसक्यात वाचलं, "पान सतरा. रेशो एकपेक्षा कमी असेल, तर लिमिट शून्य."

धारपांनी तिच्या हातातून नोट्स घेतल्या. एकदा पान वाचलं, एकदा मुखपृष्ठ. मग वळून म्हणाले, "केळशीकर, हे तुमचं?"

सर उठून उभे राहिले. नोट्स त्यांच्या हातात आल्या. त्यांनी पान सतरा पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. तीस वर्षं शिकवलेला माणूस, आपल्याच नावाखालची ओळ पहिल्यांदा वाचावी तसा वाचत होता. "हे... मी असं लिहिणार नाही," ते म्हणाले. "पण नाव माझंच आहे."

"किती वर्षं मुलं हे पाठ करतायत?"

 साठ मुलं सरांकडे बघत होती. प्राचार्य काहीच न कळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

शालन फळ्याशी उभी होती. गप्प राहिलं तरी चालणार होतं. खरं उत्तर तिला येत होतं. ते सांगायचं, टाळ्या घ्यायच्या, आणि चूक ज्याच्या नावावर छापलीय त्याच्या नावावर राहू द्यायची. जागा देणाऱ्या तिघांत सर एक होते हे खरं, पण धारपांसमोर आता सरांच्या शब्दाला वजन किती उरलं होतं? हिशेब सरळ होता. तिने खडू हातात फिरवला. पांढरी पूड बोटांवर आली.

"सर, ती ओळ तुमची नाही," ती म्हणाली. "माझी आहे."

साठही माना तिच्याकडे वळल्या.

"नऊ वर्षांपूर्वी तुम्ही आजारी होतात. स्टेन्सिली मी कापल्या. तुमच्या कागदावर 'रेशोचं लिमिट' होतं. पान टरकलं म्हणून मी 'लिमिट' गाळलं. तेव्हा मला फरक कळत नव्हता." मग ती वर्गाकडे वळली, कारण सरांकडे बघवत नव्हतं. "फरक काय ते आता बघू. सगळ्यांनी पान सतरा उघडा."

तिने फळ्याच्या कोपऱ्यात एक साधी क्रमिका लिहिली, एन अधिक एक भागिले एन. "दोन, दीड, एक पूर्णांक एक तृतीयांश, सव्वा. प्रत्येक पद आधीच्यापेक्षा लहान, म्हणजे प्रत्येक रेशो एकपेक्षा कमी. जाते कुठे? शून्याकडे?"

"एककडे," मीनल हळूच म्हणाली.

"का थांबली? कारण रेशो एकपेक्षा कमी असला तरी तो स्वतःच एककडे चाललाय. प्रत्येक पावलाला कपात होते, पण कपात इतकी बारीक होत जाते की घसरगुंडी मध्येच सपाट होते. शून्यावर जायची खात्री हवी असेल तर रेशो एकच्या खाली कुठेतरी ठरलेल्या अंतरावर राहायला हवा. रेशोचं लिमिट एकपेक्षा कमी असेल तर पुढे पुढे तो तसा राहतोच. लिमिट बरोबर एक आलं, तर ही पद्धत काहीच सांगत नाही. शून्यही नाही, अनंतही नाही. इथे ती हात वर करते."

"आणि माझी क्रमिका?" धारपांनी विचारलं.

"तिच्या रेशोचं लिमिट एक. म्हणून रेशोवरून मला तुम्हाला उत्तर देता येणार नाही, सर. ती थांबते अडीचच्या जरा वर, दोन पायच्या वर्गमुळाशी. पण ते वेगळ्या वाटेने काढावं लागतं, आणि ती वाट पहिल्या वर्षाला नाही."

धारपांनी चष्मा परत कपाळावर चढवला. "गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "आता दुसरं विचारतो. चूक तुम्हाला कधी कळली?"

"सहा वर्षांपूर्वी."

"आणि इथे शिकवताय किती वर्षं?"

"चार."

"मग चार वर्षं काय केलंत?"

 शालनने खोटं जुळवलं नाही. "माझ्या वर्गाला बरोबर शिकवलं," ती म्हणाली. "बाकीच्यांना तसंच ठेवलं."

घंटा झाली. पण कोणी उठलं नाही. मुलं पान सतरावर पेनाने दुरुस्ती करत होती, साठ पेनांची खरखर ऐकू येत होती.

प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर ती पाऊण तास बसली. शेजारी मधू. आत आवाज चढत होते, उतरत होते. "फार मनाला लावून घेऊ नका हो," मधू म्हणाला. मग न राहवून त्याने विचारलं, "पण तुम्ही बोललात कशाला? कोणाला कळणार होतं?"

"अक्षर माझं आहे," शालन म्हणाली. "मला रोज दिसतं."

दार उघडलं. प्राचार्य स्वतः बाहेर आले. मधूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घरी जायला सांगितलं. मग शालनकडे वळले. "देखो मॅडम, मला तुमचं ते रेशो-बिशो कळत नाही. धारपसाहेब बोलले, गणित पक्कं आहे, पण चार साल चुप राहिली, हे लिहून ठेवा. मी बोललो, लिहून ठेवा, पण ऑर्डर काढा. आणि केळशीकर काय बोलले ऐकायचंय? बोलले, मेरा कुछ कहना नहीं."

जूनपासून शालन कायम झाली. मुलाखतीच्या आदल्याच रात्री गयाबाईने गूळ आणून ठेवला होता, तो सगळ्या गल्लीत वाटला. "वरात आली एकदाची," ती प्रत्येकाला सांगत होती.

पण मुलाखत संपवून शालन बाहेर पडली तेव्हा केळशीकर सर फाटकाशी उभे होते. नऊ वर्षं ज्यांनी तिला "अगं शालन" म्हणून हाक मारली ते आज म्हणाले, "वाघचौरे मॅडम." 

"सर, मी..."

"पोरवयातल्या चुकीला माफी असते. एकोणीस वर्षांची होतीस." सर म्हणाले. "पण पंचविशीत? मी रोज तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसत होतो गं. एकदा सांगायचंस. मीच हसत पान फाडलं असतं." त्यांनी पिशवीतून एक जुना गठ्ठा काढला, मुंग्यांची रांग असलेला. "मूळ प्रत. जूनच्या आत नव्या नोट्स निघाल्या पाहिजेत. आणि जुन्या जिथे जिथे आहेत तिथून उचल."

उन्हाळाभर शालन कॅम्प तीनच्या दुकानांतून, अंबरनाथच्या क्लासांतून, बदलापुरातल्या ओळखीच्या घरांतून पिवळ्या नोट्स गोळा करत फिरली. सायक्लोस्टाइलवाला सिंधी दुकानदार डोक्याला हात लावून म्हणाला, "अरे बहनजी, एक लाइन के लिए? बच्चे तो पास हो रहे हैं ना?"

"हो रहे हैं," शालन म्हणाली. "वही तो गडबड है."

मे संपता संपता एका दुपारी तिने नव्या स्टेन्सिली कापायला घेतल्या. सोळा पानं झाली. सतराव्यावर शेवटच्या ओळीपाशी, 'लिमिट' या शब्दावरच, लेखणी पुन्हा अडकली आणि मेणकागदाला बारीकशी चीर गेली.

गयाबाई समोर लसूण सोलत बसली होती. "काय झालं गं?"

"काही नाही," शालन म्हणाली. तिने तो कागद उचलला, चुरगळून टाकला आणि नवा कोरा मेणकागद पुढ्यात ओढला. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.